उभ्या पावलांचा फोटो आणि सपाट पाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मुलांच्या पायांच्या तक्रारी हे माझं रोजचं काम. त्यामुळे फोनवर पावलांचे फोटो सतत येतात. बहुतेक आईवडिलांचे असतात, काही भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचे, अधूनमधून एखाद्या आजींचेही. फोटोखाली एकच ओळ असते: "पाय सपाट आहे का?" त्या ओळीला खरं उत्तर द्यायचं तर पाच मिनिटं बोलावं लागतं. ती पाच मिनिटं इथे सविस्तर लिहिली आहेत.

## उभ्या पावलाच्या फोटोत कमान म्हणून नेमकं काय दिसतं?

पायाच्या आतल्या कडेला, टाच आणि अंगठ्यामागचा चवडा यांच्यामध्ये जमिनीपासून उचललेला जो भाग असतो त्याला आपण कमान म्हणतो. खरी कमान हाडांची असते. मागे टाचेचं हाड, त्यावर घोट्याचं हाड, त्यापुढे नॅव्हिक्युलर नावाचं होडीसारखं हाड आणि मग पुढची लांब हाडं. आतल्या घोट्याच्या थोडं खाली आणि पुढे बोट फिरवलंत तर एक टणक उंचवटा लागतो, तो या नॅव्हिक्युलरचा. कमानीचा माथा जवळपास तिथेच असतो.

फोटोत मात्र हाड दिसत नाही, कातडीची कड दिसते. हाड आणि कातडी यांच्यामध्ये चरबी असते, अंगठ्याला बाजूला ओढणारा एक स्नायू असतो, आणि हे दोन्ही कमानीच्या पोकळीत भरलेले असतात. गुटगुटीत बाळाच्या तळपायाला चरबीची चांगली जाड गादी असते. अनवाणी राबणाऱ्या माणसाचा तो स्नायू फुगीर असतो. दोघांच्याही फोटोत पाय सपाट वाटतो, आणि आत हाडांची कमान व्यवस्थित असू शकते. म्हणून फोटो बघून मी "कमान दिसत नाही" एवढंच म्हणते. "कमान नाही" हे त्यापुढचं वाक्य आहे आणि ते फोटोवरून म्हणता येत नाही.

## मुलगा बसला की कमान दिसते, उभा राहिला की गायब होते. मग पाय सपाट आहे की नाही?

आहे, पण लवचीक सपाट. सपाट पायांपैकी बहुतांश याच प्रकारचे असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यात कधी त्रास होत नाही.

कमान दगडी पुलासारखी पक्की नसते. हाडांना खालून अस्थिबंधांनी बांधून ठेवलेलं असतं. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यातून एक जाड पट्टा जातो. पोटरीतून निघालेली एक शीर आतल्या घोट्यामागून वळून नॅव्हिक्युलरला वर धरते. ज्या मुलांचे सांधे मुळातच सैल असतात, म्हणजे अंगठा मागे वाकवून मनगटाला लावून दाखवणारी मुलं, त्यांच्यात हे बंध वजनाखाली जास्त ताणले जातात आणि कमान खाली बसते. वजन काढलं की ती परत वर येते.

याची सोपी परीक्षा म्हणजे टाचा उचलून चवड्यांवर उभं करणं. बोटं वर वाकली की तळव्यातला पट्टा अंगठ्याच्या सांध्याभोवती गुंडाळला जाऊन ताणला जातो, टाच आणि चवडा जवळ ओढले जातात आणि कमान उठते. विहिरीवरच्या रहाटावर दोर गुंडाळल्यावर बादली वर यावी तसं. हिक्स या ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञाने 1954 मध्ये ही क्रिया मांडली. म्हणून नुसता उभा फोटो पाठवू नका, सोबत चवड्यांवर उभा राहिलेला फोटोही हवा. माझ्या दृष्टीने या दुसऱ्या फोटोची किंमत पहिल्यापेक्षा जास्त आहे.

## तीन वर्षांच्या मुलीचे पाय अगदी सपाट दिसतात. काळजी करायची का?

नुसत्या सपाटपणाची नाही. त्या वयात निम्म्याहून जास्त मुलांचे पाय सपाटच असतात. व्हिएन्नामध्ये 3 ते 6 वर्षांच्या 835 मुलांची पावलं तपासली गेली, त्याचा अहवाल 2006 साली आला. तिसऱ्या वर्षी 54 टक्के मुलांचे पाय लवचीक सपाट होते, सहाव्या वर्षी 24 टक्के. ज्याला आजार म्हणावं असा सपाट पाय एक टक्क्याहून कमी मुलांत सापडला. त्याच 835 पैकी दहा टक्के मुलं मात्र बुटात कमानीचा आधार घालून फिरत होती, म्हणजे गरज असलेल्यांच्या दहापटीहून जास्त.

आजी म्हणतात, "आमच्या घरात कुणाचे असे पाय नव्हते." बहुधा होते, पण तिसऱ्या वर्षी त्यांचा फोटो कुणी काढला नव्हता. कमान पहिल्या दहाएक वर्षांत हळूहळू दिसू लागते. चरबी कमी होते, बंध घट्ट होतात.

## फोटो काढायचाच तर कसा काढायचा?

चड्डी किंवा पायजमा गुडघ्याच्या वर घ्या. पाय धुऊन कोरडे करा. सपाट, घट्ट फरशीवर उभं करा, गादी किंवा सतरंजीवर नको. मुलाला जागच्या जागी पाच-सहा पावलं टाकायला सांगा आणि "थांब" म्हणा. पावलं जशी पडली तशीच राहू द्या. आपण हाताने पाय सरळ करून ठेवले की फोटोत आपली शिस्त दिसते, मुलाचा पाय दिसत नाही. नजर समोर भिंतीवर हवी. मूल पायाकडे बघायला वाकलं की वजन चवड्यावर जातं.

फोन उलटा धरा, म्हणजे कॅमेऱ्याचं भिंग जमिनीजवळ येईल. दोन मीटर लांब बसा आणि दोन पट झूम करा. तीन प्रकारचे फोटो पुरतात: दोन्ही टाचांचा मागून, प्रत्येक पायाचा आतल्या बाजूने, आणि चवड्यांवर उभं असताना मागून. आतल्या बाजूचा फोटो घेताना दुसरा पाय आड येतो, तेव्हा तो अर्धं पाऊल मागे घ्यायला सांगावं लागतं. त्याने वजन थोडं सरकतं. ही त्रुटी टाळता येत नाही, पण दर वेळी सारखीच ठेवता येते.

एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक मुलगा करतो. पायाचा फोटो निघतोय हे कळलं की बोटं जमिनीत रुतवतो. बोटं आवळली की कमान उचलली जाते. फोटोत बोटांची टोकं पांढरी पडलेली आणि नखांकडचा भाग वाकलेला दिसला तर तो फोटो मी बाजूला ठेवते.

## एकाच पायाचे दोन फोटो काढले. एकात कमान आहे, एकात नाही. असं कसं?

बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या उंचीमुळे. आपण उभे राहून खाली बघत फोटो काढतो तेव्हा पायाचा वरचा फुगवटा आणि घोटा कमानीला झाकतात. आतली कड सरळ रेषेसारखी दिसते आणि पाय फताडा वाटतो. तोच फोन जमिनीला टेकवला की पायाखालून पलीकडचा उजेड दिसतो. ती फट म्हणजे कमान.

दुसरं कारण उजेड. डोक्यावर दिवा असेल तर कमानीच्या पोकळीत काळी सावली पडते आणि ती आहे त्यापेक्षा खोल भासते. फ्लॅश मारला की सावली पुसली जाते आणि पाय सपाट दिसतो. तिसरं कारण जवळून काढलेला फोटो. फोनचं नेहमीचं भिंग रुंद असतं, हातभर अंतरावरून काढलं तर जवळचा भाग मोठा आणि लांबचा लहान येतो. चवड्याच्या बाजूने काढलेल्या फोटोत चवडा पसरट आणि टाच बारीक दिसते, त्याच पायाच्या टाचेकडून काढलेल्या फोटोत उलटं.

## मागून काढलेल्या फोटोत टाच बाहेर कललेली दिसते. त्याचा अर्थ काय?

सपाट पायात टाच बहुधा बाहेर झुकते, आणि तिच्यामागची जाड शीर धनुष्यासारखी वाकलेली दिसते. पुढचं पाऊलही बाहेर वळतं, त्यामुळे मागून बघताना करंगळीच्या बाजूची जास्त बोटं डोकावतात. एरवी एक किंवा दीड बोट दिसतं, इथे तीन-चार. ही खूण उपयोगी आहे, पण ती फसवते. मुलगा पाय फाकवून उभा असेल तर ज्याच्या कमानीला काहीही झालेलं नाही त्याचीही तीन बोटं दिसतील. कधी मांडीचं किंवा नडगीचं हाडच बाहेर वळलेलं असतं. फोटो घोट्याखाली कापलेला असेल तर वळण कुठून सुरू झालं हे कळायला मार्ग नाही, म्हणून फोटोत गुडघे हवेत. गुडघ्याची वाटी समोर आणि पाऊल बाहेर असेल तर एक अर्थ निघतो, दोन्ही बाहेर असतील तर वेगळा.

लहान मुलांत टाच थोडी बाहेर असणं नेहमीचंच आहे.

## ओल्या पावलाचा ठसा फोटोपेक्षा भरवशाचा आहे का?

ठशाचा प्रश्न वेगळा आहे आणि उत्तरही वेगळं. तळव्याचा कुठला भाग जमिनीला टेकतो हे ठसा सांगतो. कमान किती उंच आहे हे सांगत नाही. दिवाळीत आपण मुठीच्या कडेने लक्ष्मीची पावलं काढतो, त्यात मध्ये छान आत गेलेली कंबर असते. शहाबादी फरशीवर पोराचं ओलं पाऊल तसं उमटलं नाही की आई घाबरते. पण वजनदार मुलाचा ठसा नुसत्या चरबीमुळे भरलेला येतो, आणि पाणी जास्त असेल तर कुणाचाही.

ठशांनी मोठ्या संख्येच्या पाहणीत मात्र चांगलं काम केलं आहे. मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी 4 ते 13 वयाच्या 2300 मुलांचे ठसे घेतले, ते काम 1992 साली प्रसिद्ध झालं. चपला-बूट घालणाऱ्या मुलांत सपाट पायांचं प्रमाण 8.6 टक्के निघालं, अनवाणी वाढणाऱ्यांत 2.8 टक्के. बंद बुटांनी कमान वाढते हा समज त्यामुळे हलला. मुलाला घरात, अंगणात, मातीत अनवाणी खेळू द्या असं मी सांगते, त्याच्यामागे हे काम आहे. पण हजारो ठशांतून निघालेला कल ही एक गोष्ट आणि तुमच्या मुलाच्या एका ठशावरून निदान ही दुसरी.

## फोटोत कधीच दिसत नाही अशी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणती?

ताठरपणा. पाय सपाट असण्यापेक्षा तो हलत नसणं कितीतरी जास्त महत्त्वाचं आहे, आणि फोटो हलत नाही.

एका बारा वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगते. कबड्डी खेळणारा पोरगा. आईने फोटो पाठवले ते उभ्याचेच, मागून आणि बाजूने. दोन्ही पाय सपाट, डावा स्पष्टपणे जास्त. आईची काळजी डाव्या पायाची होती. "डॉक्टर, डावा तर पुरा जमिनीला चिकटलाय," असं त्या म्हणाल्या. बोलता बोलता सहज निघालं की उजवा पाय वर्षभरात तीन वेळा मुरगळला आहे. मी त्यांना घेऊन यायला सांगितलं.

समोर आल्यावर त्याला चवड्यांवर उभं केलं आणि मागे बसले. डाव्या पायाची कमान लगेच उठली, टाच आत वळली. उजव्या पायाची टाच वर गेली, पण होती तशीच बाहेर कललेली राहिली. मग त्याला टेबलावर पोटावर झोपवलं, टाच मुठीत धरली आणि डावी-उजवीकडे हलवून पाहिली. डावी टाच सैल कुलपासारखी हलत होती. उजवी धरली तर हाताला थेट अडसर लागला, जोर दिला तर घोट्यासकट सगळा पाय फिरायचा. बाहेरच्या घोट्याच्या पुढे, थोडं खाली अंगठा दाबला तेव्हा त्याने पाय ओढून घेतला.

हाडांच्या डॉक्टरांनी पाऊल तिरकं ठेवून, 45 अंशांतून एक्सरे काढला. टाचेचं हाड आणि नॅव्हिक्युलर यांच्यामध्ये हाडाचा पूल होता. ही दोन हाडं जन्मापासूनच नीट वेगळी झालेली नसतात. लहानपणी तो सांधा कूर्चेचा असतो, म्हणून लवतो. साधारण आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान त्याचं हाड व्हायला लागतं, टाचेची बाजूची हालचाल जाते आणि खाचखळग्यांत टाच जुळवून घेऊ शकत नसल्यामुळे घोटा वारंवार मुरगळतो. नेहमीच्या समोरून आणि बाजूने काढलेल्या एक्सरेत हा पूल सहज निसटतो, तिरका एक्सरे मागावा लागतो. त्या मुलाला काही आठवडे प्लास्टर घातलं, त्याने दुखणं बसलं. पुन्हा उठलं तर पूल काढण्याचं ऑपरेशन असतं, हे घरच्यांना तेव्हाच समजावून सांगितलं.

फोटोत जो पाय जास्त वाईट दिसत होता तो बरा होता. हे मी विसरत नाही.

## पाय लवचीक आहे, कमानही उठते, तरी मुलगा चालून दमतो. फोटोत काही सुटलं का?

पोटरी सुटली असेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅनडाच्या सैन्यात हॅरिस आणि बीथ यांनी साडेतीन हजारांहून जास्त सैनिकांचे पाय तपासले. नुसत्या लवचीक सपाट पायांनी सैनिकांना फारसा त्रास होत नव्हता. त्रास होत होता तो सपाट पायासोबत टाचेमागची शीर आखूड असणाऱ्यांना. पोटरी आखडलेली असली की चालताना घोटा पुढे वाकत नाही, मग शरीर ती हालचाल कमान मोडून भरून काढतं. या दोन प्रकारच्या पायांचे उभे फोटो शेजारी ठेवले तर फरक सांगता येणार नाही.

तपासताना मुलाला झोपवून गुडघा सरळ ठेवते, टाच आत वळवून घट्ट धरते आणि पाऊल नडगीकडे ढकलते. मग गुडघा वाकवून पुन्हा तेच. गुडघा वाकवल्यावर पाऊल जास्त येत असेल तर आखडलेली आहे ती पोटरीची वरची मोठी स्नायूजोडी. टाच आत धरायची एवढ्यासाठी की सोडली तर पाऊल कमानीतून मोडतं आणि पोटरी मोकळी असल्याचा भास होतो. घरी करून बघणारे इथेच चुकतात. उकिडवं बसताना मुलाच्या टाचा उचलल्या जातात का हे मात्र घरी सहज दिसतं.

## फोटोवर पट्टी ठेवून कमानीची उंची मोजता येईल का?

येते असं वाटतं. आमच्याकडे एक मोजणी असते. नॅव्हिक्युलरच्या उंचवट्यावर पेनाने ठिपका करायचा, पायावर वजन न देता मूल बसलेलं असताना ठिपक्याची जमिनीपासून उंची मोजायची, मग उभं करून पुन्हा मोजायची. शेजारी कोरं कार्ड उभं धरून त्यावर दोन खुणा केल्या की झालं. समजा पहिली खूण 44 मिलिमीटरवर आली आणि दुसरी 37 वर, तर कमान 7 मिलिमीटर बसली. साधारण 10 च्या पुढे गेली तर जास्त बसते असं धरतात.

आता हेच फोटोवर करू. फोन पायापासून 50 सेंटिमीटरवर आहे आणि पट्टी ठिपक्यापेक्षा 5 सेंटिमीटर पुढे, कॅमेऱ्याकडे उभी केली आहे. जवळची वस्तू मोठी दिसते, त्यामुळे 40 मिलिमीटरवर असलेला ठिपका पट्टीवर 36 वाचला जाईल. चार मिलिमीटरची चूक, आणि आपण शोधतोय सात-आठ मिलिमीटरचा फरक. दोन मीटरवरून काढलात तर हीच चूक एक मिलिमीटरवर येते. म्हणूनच वर लांब बसायला सांगितलं. शिवाय उभं राहिल्यावर कातडी हाडावरून सरकते, ठिपका सरकतो, तो पुन्हा बोटाने चाचपून घ्यावा लागतो.

पायाच्या ठेवणीला गुण देण्याची एक पद्धत जगभर वापरात आहे. सहा निरीक्षणं, प्रत्येकाला उणे दोन ते अधिक दोन गुण. त्यातलं एक निरीक्षण म्हणजे घोट्याच्या हाडाचं डोकं दोन्ही बाजूंनी बोटांनी चाचपणं. ते फोटोवरून होणारच नाही.

## दुकानात पावलाचा फोटो किंवा स्कॅन घेऊन बुटात घालायचा आधार देतात. मुलाला घ्यावा का?

दुखत नसलेल्या लवचीक पायाला घेऊ नका. अमेरिकेत 1989 साली प्रसिद्ध झालेल्या वेंगर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सपाट पायांच्या मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले होते. काहींना खास बूट, काहींना बुटात आधार, काहींना काहीच नाही. तीन वर्षांनी सगळ्यांच्याच पायांत थोडी सुधारणा दिसली आणि गटागटांत फरक नव्हता. म्हणजे वाढत्या वयाने जे केलं त्याचे पैसे बुटाला गेले.

दुखत असेल तर गोष्ट वेगळी. आधाराने दुखणं कमी होऊ शकतं, तेवढ्यापुरता तो जरूर वापरावा. त्याने कमान कायमची घडते असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. आणि पोटरी आखडलेली असताना कडक आधार घातला तर कमानीखाली आणखी टोचतो. हे स्कॅनमध्ये येत नाही, म्हणून आधी हात लावून तपासणी व्हायला हवी.

## भरतीच्या मेडिकलसाठी फोटो पाठवतो. पास होईन का ते सांगाल?

हा प्रश्न विचारणाऱ्या पोरांनी दोन-दोन वर्षं पहाटे उठून धावण्याचा सराव केलेला असतो, म्हणून जपून लिहिते. फोटोवरून मी हो किंवा नाही सांगणार नाही, इतर कुणी सांगितलं तरी त्यावर विसंबू नका.

निकष भरतीप्रमाणे बदलतात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या कॉन्स्टेबल भरतीच्या जाहिरातीत सपाट पाय नसावेत असं सरळ लिहिलेलं असतं. हवाई दलाच्या अधिकारी भरतीच्या निकषांत मात्र चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान परत दिसत असेल, उमेदवार चवड्यांवर नीट धावू आणि उड्या मारू शकत असेल, पाय लवचीक आणि न दुखणारा असेल तर तो चालतो असं म्हटलं आहे. ताठर पाय, मग त्याचा आकार कसाही असो, नापास. तिथेही महत्त्व दिसण्याला कमी आणि हालचालीला जास्त आहे. ज्या भरतीचा अर्ज भरताय तिची त्या वर्षीची जाहिरात वाचा आणि महिनाभर आधी हाडांच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष पाय दाखवा. बोटं आवळून कमान दाखवण्याच्या युक्त्या ग्राउंडवर सांगितल्या जातात. तपासणारा डॉक्टर "बोटं सोड" म्हणतो आणि पुढे चालायलाच सांगतो.

## आईचं वय 55 आहे. एकच पाय हल्ली सपाट झाल्यासारखा वाटतो. फोटो पाठवू का?

पाठवू नका, त्यांना घेऊन जा. मोठ्या माणसाचा आधी बरा असलेला एकच पाय खाली बसायला लागला तर तो मुलांच्या सपाट पायासारखा समजायचा नाही. चाळिशीनंतर, विशेषतः बायकांत, आतल्या घोट्यामागून जाणारी ती आधाराची शीर झिजते. घोट्यामागे सूज येते, जिना उतरताना दुखतं. एका पायावर उभं राहून ती टाच उचलता येत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत आधार आणि व्यायामाने बरंच काही हातात राहतं, पुढे पाऊल ताठर होत जातं.

आणि मधुमेह असेल तर त्याच दिवशी जा. मधुमेहात पायाची संवेदना गेलेली असेल तर आतली हाडं मोडू लागू शकतात आणि माणूस त्यावर चालत राहतो कारण फारसं दुखत नाही. पाय सुजलेला, लालसर आणि दुसऱ्यापेक्षा गरम लागतो. फोटोत दिसते ती थोडी सूज आणि बसलेली कमान. गरमपणा फोटोत येत नाही, बधिरपणाही येत नाही. दोन्ही पावलांवर हाताची मागची बाजू ठेवून बघा. एक पाय स्पष्ट गरम लागला तर त्यावर वजन टाकू देऊ नका, रिक्षा बोलवा.

## एक्सरे काढून आणलाय. त्यात कमान ठीक आहे असं लिहिलंय, फोटोत तर सपाट दिसते.

एक्सरे कसा काढला ते विचारा. टेबलावर झोपवून काढला असेल तर पायावर वजन नव्हतं, आणि लवचीक पायाची कमान वजन नसताना उभीच असते. सपाट पायासाठी एक्सरे उभं राहून, पायावर भार देऊनच काढायचा असतो. चिठ्ठीवर तसं लिहून घ्या. मुलाला दुखत नसेल आणि चवड्यांवर कमान उठत असेल तर बहुधा एक्सरेची गरजच नसते.

## मग काढलेल्या फोटोंचा उपयोग काय?

तुलनेसाठी आहे. वाढदिवसाला त्याच फरशीवर, त्याच अंतरावरून, त्याच तीन बाजूंनी फोटो काढून ठेवा, तारखेसह. दोन वर्षांनी डॉक्टरांकडे गेलात तर "पूर्वी असे नव्हते" या वाक्याला पुरावा असतो. एक पाय बदलला आणि दुसरा नाही, हे अशा जोडीतून लगेच दिसतं. त्यासोबत दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या: मूल अनवाणी दाराकडे चालत जाताना मागून, आणि मग एकेका पायावर टाच उचलताना. भिंतीला बोटांनी नुसता स्पर्श करू द्या, टेकू देऊ नका.